फोटोतल्या आकड्याला थेट ३०ने गुणू नका

> "इन्व्हर्टरच्या फोटोत E-Today 14.2 kWh दिसतंय. सोलर सिस्टिम ३ किलोवॅटची. महिन्याला किती पैसे वाचतील?"

फोटो किती वाजता काढलात? हा आकडा रोज नव्याने शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे दुपारचा असेल तर तो अर्धवटच. संध्याकाळचा धरला तरी १४.२ गुणिले ३० म्हणजे ४२६ युनिट, हे कडक उन्हाचं गणित झालं. जुलैत आमच्या गच्चीवरच्या ३ किलोवॅटने काही दिवस ४ युनिटही दिले नाहीत! वर्षाची सरासरी किलोवॅटमागे रोज साधारण ४ युनिट धरा, म्हणजे महिन्याला ३६०.

आता पैसे. घरचा वापर २५० युनिट असेल तर नेट मीटरिंगमध्ये त्या महिन्यात २५०च वाचले. उरलेले ११० पुढच्या बिलात वळते होतात. स्थिर आकार मात्र सुटत नाही. पावसाळ्यात १५०च युनिट बनले, तर ते वरच्या, महाग स्लॅबमधून कमी होतात. म्हणून बिलाच्या सरासरी दराने गुणलंत तर बचत कमी दिसेल. अशा महिन्याला १०१ ते ३०० युनिटचा दर घ्या, वहन आकार आणि वीज शुल्कासकट.

पुढच्या वेळी E-Total चा, म्हणजे आजवरच्या एकूण युनिटचा फोटो काढा, मीटर रीडिंगच्या तारखेला. लागोपाठच्या दोन महिन्यांच्या फोटोंतला फरक हेच महिन्याचं खरं उत्पादन.