शब्दचर्चा : आगाऊ घेतलेले पैसे – ‘विक्री’, ‘उत्पन्न’ की ‘देणं’?

कंदील: एका छोट्या कंपनीचा वार्षिक अहवाल मराठीत लिहिते आहे. टेबलावरचा दिवा तयार व्हायच्या आधीच त्यांनी ऑनलाइन मोहीम काढून 1000 जणांकडून प्रत्येकी 50 घेतले (चलन कुठलंही धरा). दिवे ऑक्टोबरात पाठवायचे होते. सुटे भाग उशिरा आले, त्यामुळे 31 डिसेंबरला वर्ष संपलं तेव्हा 600 जणांनाच दिवा मिळाला होता. उरलेल्या 400 पैकी 100 जणांनी पैसे परत मागितले आणि त्यांतल्या 60 जणांचे देऊन झाले. मसुद्यात ‘विक्री 50,000, वजा परतावा 3,000’ असं लिहिलंय. मला ‘विक्री’ही खटकतंय आणि ‘परतावा’ही.

सावधपाऊल: परतावा किती टक्के मिळतो ते सांगितलंय का? लोकांनी पैसे गुंतवलेत, तर निदान मुदत ठेवीइतका तरी मिळायला हवा.

कंदील: नाही हो, गुंतवणूक नाहीये ही. दिव्यासाठी भरलेले पैसे परत करण्याबद्दल विचारतेय. पण तुमच्या प्रश्नावरून एक कळलं, ‘परतावा’ नुसता लिहिला तर वाचणारा शेअर आणि व्याजाकडे जातो. ‘पैसे परत’ असंच लिहीन.

नफातोटा: ‘पूर्वप्राप्त उत्पन्न’ लिहा, शाळेच्या पुस्तकात हाच शब्द होता. वस्तू हातात पडली की ते उत्पन्न होतं. मात्र ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशी अट घातली असेल, तर पहिल्याच दिवशी उत्पन्न धरायला हरकत नाही.

खतावणी: पहिलं म्हणणं बरोबर, अटीचं नाही. पैसे परत द्यायचे नसले तरी दिवा द्यायचा राहिलेलाच असतो. दिव्याचा ताबा ग्राहकाकडे जाईपर्यंत ती रक्कम देण्यांतच राहते. आयएफआरएस 15 हे उत्पन्न कधी धरायचं ते सांगणारं आंतरराष्ट्रीय हिशेबाचं मानक याच तत्त्वावर उभं आहे.

‘पूर्वप्राप्त उत्पन्न’ आगाऊ भाड्याला शोभतं. इथे मी ‘ग्राहकांकडून आगाऊ रक्कम’ लिहीन. नावातच ‘उत्पन्न’ असलं की पैसे परत करताना उत्पन्न घटल्यासारखं वाटतं, आणि मसुद्यातली चूक नेमकी तिथेच झालीय. त्या 60 जणांना विक्री झालीच नव्हती, मग विक्रीतून वजा काय करणार? नोंद साधी आहे: आगाऊ रक्कम नावे, बँक जमा, 3,000. नफा-तोटा पत्रकाला हातही लागत नाही.

आता 31 डिसेंबरचं चित्र बघा. विक्री 600 दिव्यांची, म्हणजे 30,000. मागणी करूनही पैसे न मिळालेले 40 जण आहेत, त्यांचे 2,000 ‘परत द्यायची रक्कम’ म्हणून वेगळे दाखवा. दिव्याची वाट बघणारे 300, त्यांचे 15,000 ‘आगाऊ रक्कम’. हे तिन्ही आणि दिलेले 3,000 मिळवले की 50,000 चा ताळा बसतो. अहवाल वाचणाऱ्याला उशीर किती भोवलाय ते त्या 2,000 आणि 15,000 वरूनच कळतं, म्हणून ते एका ओळीत कोंबू नका.

पटावरची सोंगटी: आमच्या खेळाच्या मोहिमेत मोहीम चालवणारं संकेतस्थळ 5 टक्के कापून उरलेले पाठवतं. तशा हिशेबाने यांच्याही बँकेत 47,500 च आले असतील. मग देणं कितीचं?

खतावणी: 50,000 चंच. ग्राहकाने 50 भरलेत आणि मागताना तो 50 च मागणार. कापलेले 2,500 हा तुमचा खर्च. पैसे परत केल्यावर संकेतस्थळ आपलं कमिशन सोडतं का, ते करारात बघा. सोडत नसेल तर या 100 जणांमागे 250 कायमचे गेले.

नफातोटा: तो खर्च लगेच लिहायचा की दिवे जाईपर्यंत पुढे ओढायचा?

खतावणी: दिवे वर्षभरात जाणार असतील तर लगेच लिहायची सवलत मानकात आहे. त्याहून लांबलं तर पुढे ओढावा लागेल.

कंदील: आणखी एक राहिलं. थांबलेल्या 300 जणांना कंपनी प्रत्येकी 5 परत करणार आहे. मसुद्यात ते ‘नुकसानभरपाई’ म्हणून खर्चात धरलंय.

खतावणी: मी ते किमतीतली सूट धरेन. दिवा गेला की विक्री 45 ची. बदल्यात ग्राहकाकडून वेगळं काही मिळत नाही, मग खर्च कशाचा?

नफातोटा: मला पटत नाही. मोहिमेच्या अटींतच ‘उशीर झाल्यास भरपाई’ लिहिलेलं असेल तर शब्द तोच ठेवावा, नाहीतर ग्राहकाला वाटेल किंमत कमी करून मेहेरबानी केली.

खतावणी: अहवालात ‘उशिराबद्दलची भरपाई’ खुशाल लिहा. रक्कम मात्र विक्रीतून वजा करा.

कंदील: ‘विक्री’ची ओळ बदलली. भरपाईचं अटी वाचून ठरवते. त्यांच्याकडे काही जणांनी दिवा न घेता नुसता पाठिंबा म्हणून पैसे दिलेत, असं आत्ता कळतंय. ते 1000 मध्ये धरलेत का, हेही विचारावं लागेल.