मदत हवी आहे: डॉक्टरांच्या डिक्टेशनमधून ओपीडीची नोट चार भागांत कशी बसवायची?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकला कॉलेज रोडवर एका फिजिशियनच्या दवाखान्यात काम करते. सर पेशंटला सांगून रेकॉर्डिंग लावतात आणि तपासता तपासता बोलत राहतात. आमच्याकडची दुसरी मुलगी ते ऐकून टाइप करते. त्या सलग मजकुरातून हिस्ट्री, एक्झामिनेशन, असेसमेंट, प्लॅन असे चार भाग पाडून फाइलला लावायचं काम माझ्याकडे आहे. संध्याकाळी सर वाचून सही करतात. माझं शिक्षण बी.कॉम., मेडिकलचं जे कळतं ते इथेच ऐकून ऐकून.

सर्दी-खोकल्याच्या नोटा जमतात. अडते ती अशी (नाव-गाव काढलंय, वय बदललंय):

> अठ्ठावन्न वर्षांच्या बाई. पायाला सूज, तीन आठवडे, दोन्ही पाय, संध्याकाळी जास्त सकाळी कमी. दम लागत नाही, रात्री उठून बसावं लागत नाही. लघवी व्यवस्थित. बीपी आठ वर्षं. टेल्मा सकाळी एक, गावातल्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी अ‍ॅम्लो पाच वाढवून दिली ती रात्री. सून म्हणते गोळी मधूनमधून विसरतात. घरच्या मशीनवर दीडशे नव्वद. बीपी एकशे अडतीस चौऱ्याऐंशी, पल्स शहात्तर रेग्युलर. घोट्यापर्यंत पिटिंग, दोन्हीकडे. जेव्हीपी वाढलेला नाही, चेस्ट क्लिअर. क्रिएटिनिन मागच्या महिन्यातलं पॉइंट नऊ. बहुधा अ‍ॅम्लोची सूज, एकूण दहा होतंय. हार्ट फेल्युअर वाटत नाही. अ‍ॅम्लो पाच बंद, सकाळची तशीच, रात्री साधी टेल्मा चाळीस. युरिन रुटीन आज. क्रिएटिनिन पोटॅशियम तीन आठवड्यांनी, नाही, दोनच आठवड्यांनी, रिपोर्ट घेऊन या. सूज राहिली तर इको बघू. दम लागला तर लगेच या.

प्रश्न: सूज दोनदा येते, दोन्हीकडे लिहायची का? घरचं बीपी आकड्यात आहे, मग ते एक्झामिनेशनमध्ये जाईल ना? क्रिएटिनिन कुठे? इको प्लॅनमध्ये टाकू का? आणि आमच्या फॉर्ममध्ये "हार्ट साउंड्स नॉर्मल, मर्मर नाही, पोट मऊ, सीएनएस नॉर्मल" हे आधीच छापून येतं, ते राहू द्यायचं का?

पंचवटी_एक्सप्रेस

सोपं आहे. पेशंट बोलला ते हिस्ट्री, डॉक्टर बोलले ते एक्झामिनेशन, डॉक्टरांचं मत ते असेसमेंट, औषधं-तपासण्या प्लॅन. सूज एकदाच लिहा, एकच गोष्ट दोनदा वाचायला कुणाला वेळ आहे? छापील ओळी राहू द्या, सगळीकडे तसंच चालतं. मी मुंबईच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात होतो, तिथेही असंच होतं.

द्राक्षवेल

धागा वाचून दचकलो. आमच्या आईलाही अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे आणि पाय सुजतात. म्हणजे गोळी बंद करायची का? आम्ही पिंपळगावला असतो, डॉक्टर निफाडला.

जुना_स्टेथोस्कोप

द्राक्षवेल, इथे वाचून बंद करू नका. पाय सुजायला हृदय, किडनी, लिव्हर, शिरा, बरंच काही कारण असतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन आईंना निफाडला दाखवा.

गोदाकाठताई, मथळ्यांचं नंतर बघू, आधी एक बेरीज जुळत नाहीये. सर म्हणतात "एकूण दहा होतंय". वरच्या मजकुरात अ‍ॅम्लोडिपिन दिसतं फक्त पाच, रात्रीचं. उरलेलं पाच कुठून आलं? "वाढवून दिली" म्हणजे आधी थोडं होतंच. शिवाय प्लॅनमध्ये "साधी टेल्मा" असा शब्द आहे. साधी कधी म्हणतात? दुसरी साधी नसते तेव्हा. माझा अंदाज असा की सर "टेल्मा ए.एम." म्हणाले आणि टाइप करणाऱ्या मुलीने ए.एम. म्हणजे सकाळ धरलं. टेल्मा-एएम या गोळीत टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ एकत्र असतं. तसं धरलं की दहा पूर्ण होतात.

पण माझ्या अंदाजावर नोट दुरुस्त करू नका. रेकॉर्डिंग ऐका, तरी शंका राहिली तर सरांना विचारा. ही नोट अशीच गेली तर फाइल सांगेल की बाईंचं अ‍ॅम्लोडिपिन पूर्ण बंद आहे. उद्या बीपी चढलं की दुसरा कुणीतरी पुन्हा पाच सुरू करेल, आणि बाई परत दहावर.

हे पकडायची माझी पद्धत अशी: नोट झाली की असेसमेंटपासून उलटं वर वाचायचं. तिथलं प्रत्येक विधान हिस्ट्री किंवा एक्झामिनेशनमधल्या कशावर उभं आहे ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं तर काहीतरी गळलंय किंवा चुकीचं ऐकलंय.

गोदाकाठ

सर, आत्ताच हेडफोन लावून ऐकलं. "टेल्मा ए.एम. एक" असंच आहे! पुढेही "सकाळची तशीच" नाही, "ए.एम. तशीच" आहे. बाकीच्या प्रश्नांचंही सांगाल का?

जुना_स्टेथोस्कोप

पंचवटी_एक्सप्रेस म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. कोण बोललं यापेक्षा ते कळलं कसं हे बघा. या डिक्टेशनमध्ये सगळंच डॉक्टरांच्या तोंडून आलंय, तरी पहिला अर्धा भाग हिस्ट्री आहे. सरांनी त्या वेळी डोळ्यांनी, हातांनी, यंत्राने स्वतः टिपलं ते एक्झामिनेशन. घरच्या मशीनचे १५०/९० आकडे असले तरी ते सांगितलेले आहेत, म्हणून हिस्ट्री. ते सुनेच्या "विसरतात" या वाक्याशेजारी ठेवा, आणि "सुनेने सांगितलं" हे लिहाच. बाई स्वतः कदाचित नियमित घेते म्हणतील.

सूज दोन्हीकडे लिहायची, कारण त्या दोन वेगळ्या माहित्या आहेत. हिस्ट्रीतली सूज सांगते किती दिवस आणि कोणत्या वेळी. एक्झामिनेशनमधली सांगते की दाबलं की खड्डा पडतो, दोन्हीकडे आहे आणि घोट्याच्या वर गेलेली नाही. दोन आठवड्यांनी बाई आल्या की सर दुसरीशी तुलना करणार.

छापील ओळींबद्दल मात्र मी पंचवटी_एक्सप्रेसशी अजिबात सहमत नाही. "मर्मर नाही" हे सर म्हणालेले नाहीत. न बोललेलं आणि नॉर्मल असलेलं यात फरक आहे. पुढे कधी व्हॉल्व्हचा त्रास निघाला तर ही ओळ सरांच्या सहीने कागदावर असेल. काढून टाका, सरांनी तपासलं असेल तर ते स्वतः भरतील. याउलट जे "नाही" सर बोललेत त्यातलं एकही गाळू नका. दम नाही, रात्री उठून बसावं लागत नाही, जेव्हीपी वाढलेला नाही, चेस्ट क्लिअर: "हार्ट फेल्युअर वाटत नाही" हे वाक्य या चारांवर उभं आहे.

"बहुधा" तसाच ठेवा. निदान पक्कं करायचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही.

प्लॅनमध्ये आज करायचं, तारखेचं आणि "झालं तर" असं तीन तऱ्हेचं असतं. इको तिसऱ्यातला आहे. नुसतं "इको" लिहिलंत तर काउंटरवरून चिठ्ठी निघेल आणि बाई उगाच पैसे भरतील. "तीन, नाही, दोनच" यातला शेवटचा शब्द खरा, लगेच सुधारलाय म्हणून. तेच दोन आकडे दूर दूर आले असते तर सरांना विचारावं लागलं असतं. मी असं लिहीन:

> हिस्ट्री: वय ५८, स्त्री. ३ आठवडे दोन्ही पायांना सूज, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. दम नाही, रात्री उठून बसावं लागत नाही. लघवी व्यवस्थित. उच्च रक्तदाब ८ वर्षं. औषधं: टेल्मा-एएम रोज १; २ महिन्यांपूर्वी गावातल्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ रात्री वाढवली. सुनेच्या सांगण्यानुसार गोळी मधूनमधून विसरतात. घरचं बीपी १५०/९०.
>
> एक्झामिनेशन: बीपी १३८/८४, पल्स ७६ रेग्युलर. दोन्ही घोट्यांपर्यंत पिटिंग सूज. जेव्हीपी वाढलेला नाही. चेस्ट क्लिअर. जुना रिपोर्ट, मागचा महिना: क्रिएटिनिन ०.९.
>
> असेसमेंट: सूज बहुधा अ‍ॅम्लोडिपिनमुळे (एकूण १०). हार्ट फेल्युअर वाटत नाही.
>
> प्लॅन: रात्रीची अ‍ॅम्लोडिपिन ५ बंद. टेल्मा-एएम तशीच. रात्री साधी टेल्मा ४० सुरू. युरिन रुटीन आज. क्रिएटिनिन, पोटॅशियम २ आठवड्यांनी, रिपोर्टसह भेट. सूज राहिली तर इकोचा विचार. दम लागल्यास लगेच येणे.
>
> सरांना विचारणे: कोणत्या गोळ्या विसरतात? इकोसाठी किती दिवस वाट बघायची?

आता टेल्मिसार्टन एकूण ८० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ होतं. टेल्मिसार्टन वाढवल्यावर क्रिएटिनिन-पोटॅशियम बघावं लागतं, म्हणून ती तारीख. प्लॅनची बेरीजही अशी करून बघत जा.

क्लेमवाला

थोडं वेगळं. मी मेडिक्लेमच्या फाइली बघतो. "बीपी आठ वर्षं" ही ओळ दोनदा ऐकत जा. आठ महिन्यांचं आठ वर्षं झालं की पॉलिसीच्या आधीचा आजार म्हणून क्लेम अडकतो, आणि मग तो शब्द बदलून घ्यायला पेशंट महिनोन्‌महिने चकरा मारतो. आणि जुना रिपोर्ट एक्झामिनेशनमध्ये टाकलेला मला पटत नाही. तो त्या दिवशी तपासलेला नाही. तुमच्याच नियमाने तो हिस्ट्रीत जायला हवा.

जुना_स्टेथोस्कोप

मुद्दा रास्त आहे. आमच्या पिढीला आकडे एका जागी बघायची सवय, म्हणून मी खाली ठेवतो. सुनेच्या तोंडचं आणि लॅबच्या कागदावरचं एकाच रांगेत बसवणं मला जड जातं. कुठेही ठेवा, "मागचा महिना" सुटला नाही पाहिजे. रिपोर्ट समोर असेल तर पूर्ण तारीख घाला.

पंचवटी_एक्सप्रेस

तत्त्व म्हणून ठीक. पण सकाळच्या ओपीडीत रांग दारापर्यंत असते, तेव्हा प्रत्येक नोट उलटी वाचत कोण बसणार? बेरीज करायची तर निदान औषधं बदललेल्या पेशंटांची करा, बाकीच्यांची सोडा.

गोदाकाठ

सरांना दोन्ही शंका विचारल्या. हार्ट साउंड्स ऐकले होते पण बोललो नाही म्हणाले आणि ती ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. पोट आणि सीएनएस खोडलं. इकोचं "पुढच्या भेटीत ठरवू" असं घातलं. विसरायच्या गोळीचं सुनेला फोन करून विचारायचंय, अजून लागला नाही. छापील ओळी फॉर्ममधूनच काढाव्यात का, यावर सर काही बोलले नाहीत. क्रिएटिनिन सध्या खालीच ठेवलंय.

पंचवटी_एक्सप्रेस, औषध बदललेल्यांचीच बेरीज, हे मला झेपेल असं वाटतं. टाइप करणाऱ्या मुलीला मात्र सांगितलंय की गोळीच्या नावापुढे काहीही ऐकू आलं, ए.एम., एच, सी.टी., तर ऐकलं तसंच अक्षरात लिही, अर्थ लावू नकोस.

द्राक्षवेल

आईला शनिवारी नेतोय. पाकिटं गोळा करताना दिसलं, तिच्याही एका गोळीवर एएम आहे आणि अ‍ॅम्लोचं वेगळं पाकीट पण आहे. दोन्ही घेऊन जातो.