क्लबहाउसचं वायफाय आणि दरवेळी साडेचार जीबीवर मरणारं डाउनलोड

ए-702 मंजिरी: सेक्रेटरी काका, क्लबहाउसचं वायफाय फक्त फॉरवर्ड बघायला घेतलंय का? सर्व्हिस रोडच्या खोदकामात घरची केबल तुटली म्हणून खाली येऊन बसतेय. लिनक्सची सहा जीबीची फाइल. दरवेळी साडेचारच्या आसपास `Failed - Network error`. उद्या कॉलेजात सबमिशन आहे.

ए-101 साळवी काका: बाजूला यूट्यूब चालू ठेव. कनेक्शन झोपत नाही.

सी-505 देसाई: मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्यांना तरी चांगला स्पीड द्या. बाकीच्यांबद्दल बोलत नाही.

ए-303 पाटील वहिनी: देसाई, नाव घेऊन बोला ना. आमची पावती मागच्याच आठवड्यात ग्रुपवर टाकलीय.

सेक्रेटरी काका: कृपया विषयावर राहा. मंजिरी, स्पीड प्रत्येकाला 10 एमबीपीएस आहे, त्यात काही बिघाड नाही.

बी-304 निनाद: काका, बिघाड नाहीच, हिशेब आहे. 10 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी, तासाला साडेचार जीबी. आणि ओटीपी किती वेळ चालतो? एक तास. नोटीस बोर्डावर लिहिलंय. सहा जीबीला लागतात 80 मिनिटं. ती फाइल एका बैठकीत पूर्ण होणारच नाही.

ए-702 मंजिरी: पण तास संपल्यावर लॉगिनचं पान तरी यायला हवं ना? काहीच येत नाही, नुसतं थांबतं.

बी-304 निनाद: ओटीपी टाकला की गेटवे तुझ्या लॅपटॉपचा मॅक पत्ता तासाभरासाठी यादीत घालतो. तास संपला की काढतो. चालू डाउनलोडची पाकिटं मग तो गुपचूप टाकून देतो, ब्राउझरला कोणी कळवत नाही. आणि लॉगिनचं पान तो फक्त साध्या `http` विनंतीच्या जागी घुसवू शकतो. तुझी लिंक `https` आहे, तिथे घुसवायला गेला तर सर्टिफिकेट चुकीचं म्हणून ब्राउझर अडवतो. अशी सूचना आली तर "पुढे जा" कधीही दाबू नकोस.

ए-101 साळवी काका: म्हणूनच सांगतोय, बाजूला यूट्यूब चालू ठेव.

बी-304 निनाद: काका, दोन वेगळ्या मर्यादा असतात. वापर नसेल तर तोडणारी एक, त्यावर तुमचा उपाय चालतो. इथे दुसरी आहे, लॉगिनपासून मोजलेला तास. डाउनलोड चालू असताना कनेक्शन झोपलेलं नसतंच. उलट यूट्यूबने तिच्या 10 मधलाच वाटा खाल्ला जाईल.

सी-505 देसाई: सकाळपासून माझ्या जागेवर पांढरी गाडी कोणाची आहे?

ए-702 मंजिरी: निनाददादा, मग करू काय?

बी-304 निनाद: पहिल्यापासून सुरू करू नकोस. तुटलं की आधी `http://neverssl.com` उघड. ते साधं पान आहे, त्यामुळे तिथे लॉगिन हमखास येतं. ओटीपी टाक आणि मगच Resume दाब. लॉगिनआधी दाबलंस तर पुन्हा फसेल. त्याहून बरं, लॅपटॉपवर गिट बॅश असेल तर त्यात हे चालव, LINK च्या जागी तुझी लिंक:

```
until curl -fL -C - -O -Y 1000 -y 30 "LINK"
do sleep 20; done
```

`-C -` म्हणजे जितकं उतरलंय तिथून पुढे. `-Y 1000 -y 30` महत्त्वाचं आहे: 30 सेकंद वेग सेकंदाला 1000 बाइटच्या खाली राहिला तर सोडून दे. ते नसेल तर गेटवेने गिळलेल्या कनेक्शनकडे बघत curl ताटकळत बसतो. तू फक्त नवा ओटीपी टाक, पुढच्या फेरीत तो आपोआप सुरू होईल. लॅपटॉप स्लीपला जाऊ देऊ नकोस.

ए-303 पाटील वहिनी: माझ्या भाच्याला एकदा फाइल "पूर्ण" झाली म्हणून आली, पण उघडेचना.

बी-304 निनाद: वहिनी, तिची साइज काही केबी असेल. लिंक `http` असणार, म्हणून फाइलच्या जागी लॉगिनचं पानच सेव्ह झालं. नोटपॅडमध्ये उघडली तर `<html>` दिसेल. मंजिरी, तू शेवटी `sha256sum` चालवून साइटवर दिलेल्या आकड्याशी ताडून बघ.

ए-101 साळवी काका: यूट्यूब...

सेक्रेटरी काका: साळवी साहेब, कळलं. निनाद, एक तासाचा चार तास करायला वायफायवाल्याला सांगू का?

बी-304 निनाद: सांगा काका. त्याच्याकडे ती एका सेटिंगची गोष्ट आहे, Session-Timeout.

सी-505 देसाई: आणि बाहेरची पोरं चार तास क्लबहाउसमध्ये बसणार. गाडी अजून तिथेच आहे.

ए-702 मंजिरी: झाली! मध्ये एकदाच ओटीपी टाकला, sha256 पण जुळला. थँक्यू दादा. आता मैत्रिणीचा ड्राइव्हवरचा अख्खा फोल्डर उतरवायचाय, तीन जीबी.

बी-304 निनाद: फोल्डर तसाच उतरवू नकोस. त्याची झिप तिकडे मागशील तेव्हा बनवली जाते, ती मधूनच सुरू करण्याचा भरवसा नसतो. तुटली की बहुतेक पुन्हा शून्यापासून. फाइली एकेक घे, आणि नवा ओटीपी टाकून लगेच सुरू कर. तीन जीबीला 40 मिनिटं लागतात, तासात बसेल.