मदत हवी आहे: वादळाच्या अफवा आणि नववीची मुलं, लघुप्रबंधाचा विषय कसा बांधू?

खाडीकाठ: एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी विषय ठरवतेय. रत्नागिरी तालुक्यातल्या दोन शाळांमधली नववीची मुलं घेणार आहे. ‘मोबाईल आणि अफवा’ हे नाव मार्गदर्शक बाईंना फार पसरट वाटलं. आमच्याकडे वादळाचे मेसेज घरात मुलंच वाचून दाखवतात, म्हणून त्यावरच काम करायचंय. पण मोजायचं काय? हातात चार महिने आहेत.

सुरंगी: दहा खोटे मेसेज दाखवा, किती ओळखले ते मोजा. तासभर शिकवा, पुन्हा मोजा. आकडा वाढला की झालं.

वाडीकर: माझा पुतण्या सगळंच खोटं म्हणतो. गणपतीनंतर बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, तसा मेसेजही आला. हा म्हणे, फॉरवर्ड आहे, सोडा. भाऊ होडी काढायला निघालाच होता. अशा पोराला समजवायचं कसं?

जुना मास्तर: सुरंगीताई, आधी आणि नंतर मोजायचं हे बरोबर. पण तुमच्या चाचणीत वाडीकरांच्या पुतण्याला पैकीच्या पैकी मिळतील! म्हणून सहा खरे, सहा खोटे मेसेज मिसळून द्या. समजा, एका मुलीने आधी पाच खरे आणि चार खोटे मेसेज खरे मानले, फरक एक. शिकवल्यावर दोन खरे आणि एक खोटा मानला, फरक पुन्हा एकच. खोटे ओळखण्याचा आकडा दोनावरून पाचावर गेला, तरी पारख वाढली नाही, नुसता संशय वाढला. खाडीकाठ, हाच तुमचा विषय: शिकवल्याने पारख वाढते की सरसकट अविश्वास?

खरे मेसेज हवामान खात्याच्या बुलेटिनमधून घ्या, पण निसर्ग किंवा तौक्तेचे नकोत. ती नावं घरोघरी माहीत आहेत, तिथे आठवण मोजली जाईल.

एका तासावर भिस्त ठेवू नका. सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये मोठ्यांना घरी जाऊन तासभर शिकवलं, एकंदर परिणाम दिसला नाही. हा अभ्यास 2021 साली छापून आला. आठवड्याला एक असे चार तास घ्या. बुलेटिन कधी निघालं ती वेळ बघणं आणि mausam.imd.gov.in उघडून ताडून बघणं, एवढंच शिकवा.

खाडीकाठ: मास्तर, मनापासून आभार. मग एका शाळेत शिकवू आणि दुसरीत नको?

जुना मास्तर: नको. फरक शिकवण्याचा की शाळेचा, कळणार नाही. दोन्हीकडे दोन-दोन तुकड्या असतील तर चिठ्ठ्या टाकून एकेक निवडा. एसटीत पोरं एकमेकांना सांगतील, ती मर्यादा लिहून टाका. पालकांची लेखी संमती आधी घ्या, मुलांनाही विचारा. चाचणीनंतर खोटे मेसेज कुठले होते ते त्याच दिवशी सांगा, नाहीतर तेच घरी पोचतील.

सुरंगी: खऱ्यांचं लक्षातच आलं नव्हतं. पण आमच्या वाडीत निम्मे मेसेज आवाजी येतात, तेही ओळखीच्या माणसाचे. ते चाचणीत कसे आणणार?

जुना मास्तर: अनोळखी आवाज वापरला तर मुलं सहज नाकारतील, ओळखीचा वापरला तर त्या माणसावर बालंट. मला वाट सापडलेली नाही.

वाडीकर: पुतण्याला आज ती साइट उघडून दाखवतो. बुलेटिन मराठीत मिळेल ना?