दोनपैकी एक मुलगा आहे, मग दुसराही मुलगाच असण्याची शक्यता किती?

प्रश्न, रामटेकवाला: नागपुरातली एक फक्त मुलांची शाळा, तिथे पालकसभा. समजा सगळ्यांना दोनच अपत्यं आणि घरातले सगळे मुलगे याच शाळेत. मी एका पालकाला गाठलं. त्याला किमान एक मुलगा आहे हे उघड. दोन्ही मुलगेच असण्याची शक्यता किती? मित्र १/३ म्हणतो, मी १/२.

महालकर: यात वाद काहून राजेहो? एक मुलगा ठरला, दुसरं अपत्य मुलगा नाहीतर मुलगी. पोटातल्या बाळाला आधीच्याची काय खबर? अर्धी. विषय संपला.

गणितवाल्या काकू: ‘थोरला मुलगा आहे’ असं सांगितलं असतं तर महालकर, तुमचं चाललं असतं. इथे थोरला की धाकटा हेच माहीत नाही. ४०० घरं धरा. १०० घरी दोन्ही मुलगे, १०० घरी आधी मुलगा मग मुलगी, १०० घरी उलट, १०० घरी दोन्ही मुली. ही शेवटची १०० सभेला येणारच नाहीत. उरलेल्या ३०० पैकी दोन मुलगेवाली १००, म्हणून १/३.

आता पालक सोडा. वर्गातला कुठलाही एक पोरगा उभा करा आणि विचारा, घरी भाऊ की बहीण? शाळेत पोरं ४००, कारण दोन मुलगेवाल्या घरांतून दोन-दोन येतात. त्यातली २०० ‘भाऊ’ म्हणतील. झाली ना १/२! मित्र घरं मोजतोय, तुम्ही पोरं.

धरमपेठची आई: माझ्या जावेला दोन मुली. सगळे म्हणायचे, आता मुलगाच होणार. तिसरीही मुलगीच झाली. तुमची शक्यता तेव्हा कुठे गेली होती?

गणितवाल्या काकू: ताई, तो होणाऱ्या बाळाचा प्रश्न. तिथे महालकरांचं अर्धं बरोबर, आधीच्या दोघींमुळे काही बदलत नाही. इथे अपत्यं झालेली आहेत, आपल्याला बातमी अर्धवट कळली आहे.

रामटेकवाला: पण दोन मुलगेवाले पालक दोन वर्गशिक्षकांच्या रांगेत उभे राहतात. मी रांगेतूनच माणूस उचलला असेल तर?

गणितवाल्या काकू: मग तुमचं १/२. रांगांतल्या जागा पोरांइतक्याच, ४००. हजेरीवहीत घरटी एक सही असेल आणि त्यातून नाव काढलं, तर मित्राचं १/३. ‘गाठलं’ म्हणजे कसं, ते तुम्ही लिहिलंच नाही.

प्रतापनगर: गणिताची कोडी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने १९५९ मध्ये असंच कोडं घालून १/३ उत्तर दिलं होतं. माहिती कशी मिळाली हे न सांगितल्याने प्रश्नच संदिग्ध राहिला, हे नंतर त्यानेच मान्य केलं. पण परीक्षेत आलं तर पोरांनी काय लिहायचं?

गणितवाल्या काकू: नुसतं ‘किमान एक मुलगा’ असेल तर १/३ लिहा, मार्क मिळतील. पेपर काढणाऱ्यावर माझा राग कायम.

महालकर: आणि तो पालक गेटसमोर चहाच्या टपरीवर भेटला असेल तर? दोन पोरंवाला तिथे जास्त वेळा दिसणार, पण दुप्पट वेळा दिसेल कशावरून? एकाच फेरीत दोघांना घेऊन जातो ना बाप्पा!