प्रतिसाद: छातीच्या एक्स-रेत आडवी सरळ रेषा दिसली तर काय समजावे?

«उजवा कॉस्टोफ्रेनिक कोन बोथट आहे आणि त्यावर आडवी सरळ रेषा आहे. उत्तर एफ्युजन की न्यूमोथोरॅक्स?»

दोन्ही एकत्र, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या प्ल्युरल पोकळीत पाणीही आणि हवाही असलेला हायड्रोन्यूमोथोरॅक्स. नुसते पाणी असेल तर उभ्या रुग्णाच्या एक्स-रेत त्याची वरची कड छातीच्या भिंतीकडे चढत जाते आणि अंतर्वक्र दिसते, म्हणूनच तिला मेनिस्कस म्हणतात. प्ल्युरल पोकळीत हवाही शिरली, की पाण्याचा पृष्ठभाग भांड्यातल्या पाण्यासारखा सपाट होतो.

समजा, ऊस भरताना ट्रॉलीवरून पडलेला तासगावकडचा मजूर सांगलीत आणला, बरगडी मोडली आहे आणि एक्स-रेत अशी रेषा आहे. आता नजर रेषेच्या वर न्यावी. तेथे बारीक पांढरी व्हिसरल प्ल्युराची रेघ दिसली आणि तिच्या बाहेर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या खुणा नसल्या, तर ती हवाच. खालचे पाणी येथे बहुधा रक्त असते. रेघेपलीकडे खुणा चालू असतील, तर ती त्वचेची घडी असण्याची शक्यता अधिक, हे मात्र आवर्जून तपासावे.

प्रश्नात रुग्ण आडवा असल्याचे लिहिले असेल, तर ही सपाट रेषा शोधू नये, कारण किरण आडवे गेल्याशिवाय ती उमटत नाही. तेव्हा पाणी मागे पसरून ती बाजू धूसर करते, तर हवा पुढे व खाली जमून कॉस्टोफ्रेनिक कोन नेहमीपेक्षा खोल आणि काळा दिसतो.