मदत हवी आहे: आबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी एका मिनिटाचं निवेदन

गुळाचा_खडा: रविवारी कोल्हापुरात आबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. जेवणाआधी फोटो दाखवायला एकच मिनिट मिळणार, काकांचा हुकूम! 22 जुने फोटो स्कॅन केलेत. निवेदन 210 शब्दांचं झालंय, मोठ्यानं वाचलं तर एक मिनिट पन्नास सेकंद. सुरुवात अशी: "आबांचा जन्म एकोणीसशे त्रेचाळीस साली करवीर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला." कुठं कापू?

पेठेतला_भाऊ: भावा, मिनिटात दीडशे शब्द बसतात. जरा पटापट वाच. साल-गाव फोटोवरच टाईप कर.

ध्वनिमुद्रिका: साल पडद्यावर टाकायचं ते बरोबर, पण दीडशे शब्द नकोत. हॉलमध्ये आवाज घुमतो, मागं भांडी वाजतात आणि समोर आबांच्या वयाची मंडळी. 85-90 शब्दच ठेवा. फोटो 12, प्रत्येकी पाच सेकंद. नवा फोटो आला की लोक आधी "ह्यो कोण?" विचारतात, तेवढा सेकंदभर गप्प राहायचं. आधी आवाज रेकॉर्ड करा, फोटो नंतर त्यावर बसवा. उलटं केलंत की वाक्य एका फोटोवर सुरू होऊन दुसऱ्यावर संपतं.

जन्म, शिक्षण, लग्न असा क्रम सोडा. आबा काम करतानाचा एखादा फोटो आहे का?

गुळाचा_खडा: आहे की! आबा गुळव्या होते. काहिलीजवळ उभे आहेत, वाफेत तोंड अर्धंच दिसतंय. मी तो बाद केला होता.

ध्वनिमुद्रिका: तोच पहिला घ्या. "आबा काहिलीजवळ उभे आहेत" असं मात्र म्हणू नका, ते दिसतंच. न दिसणारं सांगा. उदाहरणार्थ: "आबा गुळव्या. समोर काहील रटरटायची. पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी बोटांनी चेपून आबा म्हणायचे, 'उतरवा.' घड्याळ कधी बघितलं नाही." हे 18 शब्द, दोन फोटो. त्यांच्या तोंडचा शब्द वेगळा असेल तर तोच घाला.

शेंगदाणा_चटणी: माझ्या आजीचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. ओला करून काढू का?

ध्वनिमुद्रिका: अजिबात नको, रंगाचा थर काचेवरच राहू शकतो. काचेसकट स्कॅन करा. धागा यांचा आहे, वेगळा काढा.

गुळाचा_खडा: आबांना विचारलं. ते "उतरवा" नाही, "घ्या रं" म्हणायचे. आता 88 शब्द, 58 सेकंद. पण काकू म्हणतात 22 च्या 22 फोटो हवेत, नाहीतर त्यांच्या माहेरचं कुणीच दिसणार नाही.

पेठेतला_भाऊ: उरलेले दहा जेवताना आवाजाशिवाय फिरत ठेव. काकू खूश.

गुळाचा_खडा: जमेल. एक राहिलंच, आजी चार वर्षांपूर्वी गेली. तिचा फोटो शेवटी ठेवला तर आबा रडतील, बाबांचं म्हणणं मध्येच टाकून पुढं जा.

ध्वनिमुद्रिका: शेवटी ठेवा, पण त्यावर एक शब्दही बोलू नका.

पेठेतला_भाऊ: मला बाबांचं पटतंय. समारंभाचा दिवस आहे तो.